बीमचा तडा: इपॉक्सी भरायचं की सिमेंट ग्राउट? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपतीला मुंबईकर गावी आले, बंद घर उघडलं, वर बघितलं की बीमला तडा, मग त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर आणि खाली एकच ओळ, "यात काय भरू?" दरवर्षीचं आहे हे. माझं काम रत्नागिरी ते वेंगुर्ला पट्ट्यात दुरुस्तीचं, त्यामुळे तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. हे फक्त आरसीसी बीमबद्दल आहे, गळक्या गच्चीबद्दल किंवा भिंतीच्या प्लास्टरबद्दल नाही.

इपॉक्सी इंजेक्शन आणि सिमेंट ग्राउटिंग, दोन्हीत नक्की फरक काय? शेवटी भेग तर दोन्हीने बुजतेच ना?

बुजते, पण बुजणं आणि सांधणं यात फरक आहे. इपॉक्सी म्हणजे दोन डब्यांचं रसायन, एक बेस आणि एक हार्डनर, दोन्ही एकत्र केलं की गोड्या तेलासारखं पातळ राहतं आणि तेवढ्यात ते पंपाने भेगेत ढकलायचं. आत घट्ट झालं की ते काँक्रीटला इतकं चिकटतं की नंतर तो तुकडा मुद्दाम तोडला तर जुन्या भेगेत न तुटता बाजूच्या काँक्रीटमध्ये तुटतो. म्हणजे दुभंगलेला बीम परत एक होतो.

सिमेंट ग्राउट म्हणजे पाण्यात कालवलेलं पातळ सिमेंट, ते पोकळी भरतं. दाब झेलतं, पाणी आणि हवा आत जायची वाट बंद करतं, सळईभोवती परत सिमेंटचं वातावरण तयार करतं, पण ताणात त्याची पकड कमी. दोन्ही बाजू एकमेकींपासून ओढल्या जात असतील तर ते सुटतं, आणि बीमच्या भेगेत बहुतेक वेळा ओढाताणच असते.

दुसरा फरक जाडीचा आहे. साध्या सिमेंटचे मोठे कण 0.08 ते 0.1 मिलिमीटरचे असतात आणि असे कण एका वेळी तीन-चार शेजारी शेजारी अडकले की तोंडच बंद होतं, त्यामुळे 0.3-0.4 च्या आतल्या भेगेत सिमेंटचं पाणी वरवर जातं आणि आत कोरडं राहतं. साइटवर प्रत्यक्षात मी 1 मिलिमीटरच्या खाली साधं सिमेंट ग्राउट धरतच नाही. बारीक दळलेलं मायक्रोफाइन सिमेंट मिळतं, ते याहून पुढे जातं, पण त्याची पकड सिमेंटचीच. इपॉक्सी मात्र 0.1 च्या भेगेतसुद्धा शिरतं, वेळ द्यावा लागतो एवढंच.

मग बीमला सरळ इपॉक्सीच मारायचं ना? विचार कसला करायचा?

थांबा. आपल्या किनाऱ्यावर पहिला प्रश्न "काय भरायचं" हा नसतोच, तडा कशाने गेला हा असतो. आणि दहा बीम दाखवलेत तर त्यातल्या बहुतेकांचं उत्तर गंज हेच निघतं. गंजाच्या तड्यात इपॉक्सीही भरायचं नाही आणि सिमेंटही नाही.

लोखंड गंजलं की फुगतं, मूळच्या दुप्पट ते सहापट जागा मागतं, आणि सळईवर झाकण म्हणून असलेलं कव्हरचं काँक्रीट आतून फोडून बाहेर ढकलतं. म्हणजे तुम्हाला दिसणारी भेग ही आत चाललेल्या कामाची खूण आहे. तिच्यात इपॉक्सी भरलं तर सळईवरचा गंज तसाच, काँक्रीटमधलं मीठ तसंच, आणि गंज पुढे वाढतच राहणार. मी सुरुवातीच्या काळात मालवणकडच्या एका घरात हेच केलंय. बीमच्या खालच्या कडेची लांब भेग, मस्त इंजेक्शन केलं, वरून फिनिशिंग, मालक खूश, पैसे मिळाले. दुसरा पावसाळा संपता संपता तेच कव्हर हातभर लांबीच्या पट्ट्यात खाली आलं, इपॉक्सीसकट. इपॉक्सीने आपलं काम चोख केलं होतं, भेग सुटली नव्हती, शेजारून नवी पडली होती. तो बीम परत माझ्या खिशातून केला.

गंजाचा तडा आणि लोडचा तडा ओळखायचा कसा?

आधी प्लास्टर काढा. प्लास्टरवरून काहीही कळत नाही, कित्येक वेळा भेग प्लास्टरलाच असते आणि आत बीम धडधाकट निघतो. दोन फूट प्लास्टर फोडायचा खर्च तो काय.

गंजाची भेग बीमच्या लांबीला समांतर जाते, बहुतेक खालच्या कोपऱ्यावरून, कारण आतली मुख्य सळई तिथूनच जाते. जवळ तपकिरी डाग असतो. छोट्या हातोडीने टकटक केलं तर चांगल्या काँक्रीटचा टणक आवाज येतो आणि सुटलेल्या कव्हरचा पोकळ, फुटक्या मडक्यासारखा. खडूने पोकळ भागाची हद्द आखत गेलात की पाच मिनिटांत दिसतं किती दूरवर पसरलंय ते, आणि ते नेहमी भेगेपेक्षा जास्तच असतं.

लोडची भेग बीमला आडवी कापते. मध्यावर खालून सरळ उभी चढणारी आणि वर जाता जाता बारीक होणारी भेग वाकण्याची. कॉलमच्या जवळ खालून सुरू होऊन बीमच्या मध्याकडे तिरकी चढणारी भेग शिअरची, म्हणजे बीमला कातरू पाहणाऱ्या जोराची, आणि ही दिसली की हसण्यावारी न्यायची नाही, कारण शिअरमध्ये बीम फार इशारे देत नाही. तिला बघून पहिलं काम म्हणजे खाली जॅक लावणं, फोटो नंतर.

दोन्ही एकत्रही असतात बरं का. लोडने पडलेल्या भेगेतून खारी हवा आत जाते आणि मग मुख्य सळयांभोवती बांधलेली तिथली रिंग गंजते. खाडीची वाळू न धुता वापरलेली असेल तर मीठ पहिल्या दिवसापासूनच आत आहे, मग समुद्र दोन किलोमीटर लांब असला तरी काही फरक पडत नाही.

भेग किती रुंद आहे ते मोजायला काय लागतं?

क्रॅक गेज म्हणून पारदर्शक कार्ड मिळतं, त्यावर वेगवेगळ्या जाडीच्या रेघा छापलेल्या असतात, भेगेवर ठेवून जुळवायच्या. नसेल तर झेरॉक्सचा साधा कागद साधारण 0.1 मिलिमीटरचा असतो, तीन घड्या मिळून आत जातात का बघा, अंदाज येतो. काँक्रीटच्या भारतीय कोडमध्ये, म्हणजे आयएस 456 मध्ये, साध्या परिस्थितीत 0.3 पर्यंतची भेग चालते, ओलाव्यात 0.2 आणि आक्रमक वातावरणात 0.1. त्याच कोडमध्ये समुद्रकिनाऱ्याची उघडी हवा "सिव्हिअर" म्हणजे आक्रमक गटात येते, त्यामुळे पुण्यात ज्या भेगेला इंजिनीअर "असू दे" म्हणेल ती देवगडात असू देता येत नाही.

रुंदीपेक्षा महत्त्वाचं म्हणजे ती अजून हलतेय का. भेगेच्या टोकाला पेन्सिलीने आडवी रेघ मारा, शेजारी तारीख लिहा. मध्ये काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना चिकटवा. महिनाभरात काच तडकली किंवा टोक रेघेच्या पुढे गेलं तर भेग जिवंत आहे. आणि गच्चीचा बीम असेल तर सकाळी सातला आणि दुपारी तीनला दोनदा मोजा, उन्हाने उघडझाप होते. हलणाऱ्या भेगेत इपॉक्सी टणक होऊन बसतं आणि मग बाजूलाच दुसरी भेग पडते, तिथे आधी हलण्याचं कारण काढावं लागतं.

प्रत्यक्ष एखादी केस सांगा ना, म्हणजे कळेल.

सांगतो. देवगड तालुक्यातलं घर, तळमजला चिऱ्याचा, वर स्लॅब आणि बीम आरसीसीचे. मालक एक काका, त्यांनी नंतर वरच्या मजल्यावर खोली वेगळी करायला बीमवरच नऊ इंची चिऱ्याची भिंत चढवली. चिरा आपला, गवंडी ओळखीचा, कोणाला विचारायचं कशाला. आता हिशोब बघा. भिंत 0.23 मीटर जाड आणि 3 मीटर उंच, म्हणजे एका मीटरला 0.69 घनमीटर, चिऱ्याचं वजन घनमीटरला ढोबळ दोन टन धरलं तर मीटरला 1.4 टन झालं. बीम 4.2 मीटरचा. म्हणजे जवळजवळ सहा टन ओझं, जे बीम करताना कोणाच्या डोक्यातच नव्हतं.

बीम 230 बाय 450 मिलिमीटरचा. दोन्ही टोकांना कॉलमजवळ तिरक्या भेगा, डावीकडे 0.4 आणि उजवीकडे 0.3, स्लॅबच्या खाली दिसणारी लांबी प्रत्येकी अर्धा मीटर. दोन्ही बाजूंनी त्याच जागी दिसत होत्या, म्हणजे आरपार. डाग नाही, पोकळ आवाज नाही, हातोडी टणक बोलत होती. काकांना आधी एकाने सांगितलं होतं की भेगेवर "व्ही" आकाराची खाच मारून सिमेंटचं घट्ट ग्राउट भरतो, दोन दिवसांत काम, खर्चही कमी. आणि दुसऱ्याने इपॉक्सीचा बारा किलोचा अंदाज दिला होता.

पहिल्या दिवशी आम्ही फक्त जॅक लावले. यात लोक एक चूक करतात, जॅक खालच्या फरशीवर ठेवतात. खाली जमीन पक्की असेल तर ठीक, नाहीतर लाकडी फळ्या आडव्या टाकून ओझं पसरवायला लागतं. मग वरची भिंत वरून खाली एकेक थर करत उतरवली. भिंत गेल्यावर डावी भेग 0.4 वरून 0.3 वर आली आणि उजवी 0.2 वर, याचाच अर्थ बीम परत वर उचलला गेला. जर भिंत तशीच ठेवून इंजेक्शन केलं असतं तर वाकलेल्या अवस्थेतच तो चिकटला असता आणि भार जसा होता तसाच सळयांवर राहिला असता. आमच्या स्ट्रक्चरल इंजिनीअरने रिंगांचं अंतर तपासलं, भिंतीशिवायच्या लोडला बीम पुरतो असं कागदावर काढून दिलं, आणि काकांनी वर हलकं पार्टिशन घातलं. मग इपॉक्सी.

त्या बारा किलोचं काय झालं?

हे प्रत्येकाने स्वतः करून बघण्यासारखं गणित आहे. लांबी गुणिले बीमची जाडी गुणिले भेगेची रुंदी, सगळं सेंटिमीटरमध्ये.

डावी भेग: 50 × 23 × 0.03 = 34.5 मिलिलिटर
उजवी भेग: 50 × 23 × 0.02 = 23 मिलिलिटर

दोन्ही मिळून 58 मिलिलिटरच्या आत. कटिंग चहाच्या ग्लासापेक्षाही कमी! बाजूच्या केसासारख्या फटीत जाणारं, पाइपमध्ये अडकणारं, पंपाच्या भांड्यात उरणारं धरून आम्ही एक किलोचा पॅक आणला आणि त्यातला तिसऱ्या हिश्शापेक्षा थोडं कमी मिसळलं. बारा किलो कुठे जाणार होतं?

कॉन्ट्रॅक्टर किलोवर रेट देत असेल तर हा हिशोब त्याच्यासमोर करा. पण उलटही लक्षात ठेवा, हिशोबापेक्षा खरंच दहापट माल आत जात असेल आणि दुसऱ्या बाजूने गळतही नसेल तर आत मोठी पोकळी आहे, काम थांबवा, ठोकून बघा. पोकळी भरायला महागडं इपॉक्सी ओतत बसू नये, तिथे ग्राउटचा नंबर लागतो.

इपॉक्सी इंजेक्शन करताना साइटवर उभं राहून काय बघायचं?

पहिलं म्हणजे भेग कोरडी आणि स्वच्छ. वायर ब्रशने दोन्ही बाजू साफ करायच्या आणि तेल न फेकणाऱ्या कॉम्प्रेसरने हवा मारायची. पाण्याने धुवायचं नाही. "व्ही" मारायची सवय बऱ्याच मिस्त्रींना आहे, पण ग्राइंडरची बारीक पूड भेगेच्या तोंडात घट्ट बसते आणि मग माल आतच जात नाही, म्हणून मी तिरक्या शिअर भेगेला "व्ही" टाळतो आणि वरून चिकटवायची नोझल वापरतो.

नोझल भेगेवर साधारण 15 ते 20 सेंटिमीटरवर. काकांच्या बीमला प्रत्येक भेगेला एका बाजूने चार आणि दुसऱ्या बाजूने तीन, एकाआड एक. नोझलच्या मधली सगळी भेग इपॉक्सी पुटीने बंद, दोन्ही बाजूंनी आणि खालूनसुद्धा. खालची बाजू विसरतात आणि मग पंप मारला की माल टपटप जमिनीवर. पुटी रात्रभर घट्ट होऊ द्यायची.

दुसऱ्या दिवशी माल मिसळायचा. प्रमाण डब्यावर असतं ते वजनाने, डोळ्याने नाही, तराजू लागतोच. कमीजास्त झालं तर वर्षभराने पण तो चिकटच राहतो. आणि थोडा थोडा मिसळायचा. एका पोराने एप्रिलच्या दुपारी पूर्ण किलो एकाच प्लास्टिकच्या मगात घोटलं आणि चहा प्यायला गेला, परत आला तर तो प्लास्टिकचा मग वितळून वाकडा झालेला आणि त्यातून धूर निघत होता, कारण घट्ट होताना इपॉक्सी स्वतः तापतं आणि जास्त माल एका जागी असला की उष्णता बाहेर पडायला वावच नसतो.

इंजेक्शन सगळ्यात खालच्या नोझलपासून. हातपंपाने दोन-तीन किलोचा दाब पुरतो, घाई करून दाब वाढवला तर पुटी सुटते. वरच्या नोझलमधून आणि मागच्या बाजूच्या नोझलमधून माल बाहेर आला की खालचं बंद करायचं आणि वर सरकायचं. हे मागच्या बाजूने बाहेर येणं बघा, तेच सांगतं की भेग आरपार भरली. शेवटच्या नोझलवर दाब धरून काही मिनिटं थांबायचं, 0.2 च्या भेगेत माल हळू मुरतो. काकांच्या उजव्या भेगेला अर्धा तास लागला आणि डाव्या रुंद भेगेला दहा मिनिटं.

मिसळलेल्या प्रत्येक घोटातला चमचाभर माल कागदी कपात ठेवून कपावर तारीख आणि बीमचा नंबर लिहायचा. दुसऱ्या दिवशी नखाने दाबून बघा. कपात चिकट असेल तर बीममध्येही चिकटच आहे. याच्याइतकी स्वस्त टेस्ट नाही आणि ती करायला कोणी मागत नाही. जॅक सात दिवस काढायचे नाहीत, कप दुसऱ्याच दिवशी टणक झाला तरी.

माल जाड वाटला तर थिनर टाकतात, चालतं का?

अजिबात नाही. थिनर उडून जातो आणि मागे पोकळ, आकसलेला, कमजोर थर ठेवतो. जाड वाटतोय म्हणजे बहुतेक चुकीचा डबा आलाय, जुन्या-नव्या काँक्रीटला सांधायचं बाँडिंग कोटचं इपॉक्सी जाड असतं आणि दुकानदार दोन्हीला "इपॉक्सी" म्हणूनच देतो. डब्यावर इंजेक्शन ग्रेड किंवा लो व्हिस्कॉसिटी असं लिहिलेलं बघून घ्या.

पावसाळ्यात करता येतं का? आम्ही गणपतीतच गावी असतो.

तुम्ही असता, पण बीम तेव्हा ओला असतो. एका ऑक्टोबरात वेंगुर्ल्याकडे मालकाच्या सुट्टीच्या हिशोबाने इंजेक्शन केलं. वरून बीम कोरडा खणखणीत दिसत होता. पंप सुरू केला आणि वरच्या नोझलमधून आधी पाणी आलं, मग ताकासारखा पांढरा माल. तो पांढरा रंग म्हणजे इपॉक्सीत पाणी मिसळलं, आणि असा माल भेगेच्या ओल्या भिंतींना धरत नाही. काम तिथेच थांबवलं. ओल्या जागी चालणारं वेगळं इपॉक्सी मिळतं, पण तेही ओलसर पृष्ठभागाला, आत पाणी साठलेल्या भेगेला नाही.

फेब्रुवारी ते मे हा आपल्याकडचा खरा काळ. वर गच्ची गळत असेल तर आधी ती बंद करायची आणि मग बीम सुकू द्यायचा. सुकलाय का बघायला बीमवर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून रात्रभर ठेवा, सकाळी आतून दव धरलं असेल तर अजून ओल आहे. तोपर्यंत बीम धोक्याचा वाटला तर जॅक लावून ठेवा, पावसाळाभर जॅकवर उभं राहिलेलं घर मी बघितलंय.

मग सिमेंट ग्राउट कधी वापरायचं? तुम्ही तर त्याची पार वाटच लावलीत!

नाही हो, ते त्याच्या जागी राजा आहे. बीम-कॉलमच्या जोडात सळयांची गर्दी असते, व्हायब्रेटर आत जात नाही आणि सेंट्रिंग काढल्यावर नुसती खडी दिसते, त्याला हनीकोंब म्हणतात. तिथे पोकळी बोटभर रुंद, हिला इपॉक्सीने भरणं म्हणजे पैसे पाण्यात आणि वर जाड थरात तापून तडकायची भीती. तिथे सिमेंट ग्राउटच. ते सळईला अल्कली वातावरण देतं, म्हणजे गंजापासून एक संरक्षण, जे इपॉक्सी देत नाही. आणि आगीत टिकतं. साधं इपॉक्सी 50-60 अंशांच्या पुढे मऊ पडायला लागतं, म्हणून चुलीच्या धुराड्यावरचा किंवा बेकरीच्या भट्टीवरचा बीम असेल तर फक्त इपॉक्सीच्या भरवशावर राहू नका. जुन्या चिऱ्याच्या भिंतीतल्या पोकळ्या आणि भिंत-बीममधली रुंद फट यालाही ग्राउटच.

करायची पद्धत इपॉक्सीच्या नेमकी उलटी, इथे जागा आधी भिजवायची, कारण कोरडं काँक्रीट ग्राउटमधलं पाणी शोषून घेतं आणि ग्राउट अर्ध्यातच अडकतं. मात्र इंजेक्शनच्या वेळी पाणी साठलेलं नको. सिमेंटच्या वजनाच्या 0.4 ते 0.45 पट पाणी, वाहण्यासाठी प्लास्टिसायझर, आणि आकसू नये म्हणून नॉन-श्रिंक पावडर. मिस्त्री "जात नाही" म्हणून पाणी वाढवतो, तिथेच घोटाळा होतो, जास्तीचं पाणी वर तरंगतं, नंतर सुकतं आणि वरच्या बाजूला फट राहते, नेमकी जिथे भरायला हवं होतं तिथेच. नंतर गोणपाट लावून सात दिवस ओलं ठेवायचं.

गंजाचाच तडा निघाला तर काय करायचं मग?

त्याची दुरुस्ती वेगळी आहे, थोडक्यात सांगतो. जॅक लावून पोकळ भाग पूर्ण काढायचा, सळईच्या मागे बोट जाईल इतपत, निदान 20 मिलिमीटर, सळई चकाकेपर्यंत साफ करायची, व्यास किती उरला ते कॅलिपरने मोजून इंजिनीअरला सांगायचं, गरज असेल तर जोडसळई, मग गंजरोधक कोट आणि पॉलिमर मॉर्टर किंवा मायक्रोकाँक्रीट. भेगेपुरतं छोटं ठिगळ लावलं तर वर्ष-दोन वर्षांत ठिगळाच्या शेजारी गंज सुरू होतो, कारण शेजारच्या काँक्रीटमध्ये मीठ तसंच असतं. म्हणून मी हातोडीने आखलेल्या खडूच्या रेघेच्याही पुढे जातो, लोक म्हणतात उगाच फोडतोय.

इंजेक्शन नीट झालंय हे कळणार कसं? आतलं तर दिसत नाही.

मोठं काम असेल तर भेगेवरून 50 मिलिमीटरचा कोअर काढायचा, सळई चुकवून, आणि भेगेच्या खोलीच्या साधारण 90 टक्के तरी माल भरलेला दिसला पाहिजे. नाहीतर अल्ट्रासॉनिक टेस्ट, बीमच्या एका बाजूने ध्वनीची लहर सोडून दुसऱ्या बाजूला किती वेळात पोचते ते मोजतात, भेग असेल तर लहर वळसा घेते आणि उशीर होतो. ही टेस्ट इंजेक्शनच्या आधी आणि नंतर त्याच जागांवर करायला हवी, नुसती नंतर केली तर कशाशी तुलना करणार? काकांच्या घरी कोअर काढला नाही, दोन भेगांसाठी ते जड झालं असतं. मागच्या नोझलमधून आलेला माल, कपातले नमुने आणि आधी-नंतरचे अल्ट्रासॉनिक आकडे, एवढ्यावर इंजिनीअरने सही केली.

इंजेक्शन केल्यावर बीम पहिल्यापेक्षा मजबूत होतो का?

नाही, फार तर पहिल्यासारखा होतो. सळई कमी पडत असेल तर इपॉक्सीने सळई वाढत नाही. काकांनी मला पुढच्या मे महिन्यात फोन करून विचारलं, आता भिंत परत चढवू का, बीम तर चिकटवलाय ना! चढवायची असेल तर बीमला जॅकेटिंग करून, म्हणजे भोवती नवं काँक्रीट चढवून, रिंगा वाढवाव्या लागतील किंवा खाली कॉलम द्यावा लागेल, तो खर्च ऐकून पार्टिशनच बरं वाटलं त्यांना.

त्याच जागी परत भेग दिसली तर?

आधी बघा जुन्या भेगेतच उघडली की बाजूला नवी पडली. जुनीच उघडली असेल तर काम फसलं होतं, ओलावा, चुकीचं प्रमाण किंवा माल आत न पोचणं, यातलं काहीतरी. बाजूला समांतर नवी पडली असेल तर इपॉक्सी धरून आहे आणि भेगेचं कारण अजून चालू आहे, परत पंप आणू नका, वर काय चढवलंय ते बघा. एका घरी असंच निघालं, बीमवर गच्चीत दोन हजार लिटरची टाकी नवीन बसवलेली आणि घरात कोणालाच ती आठवत नव्हती.